पेज टेबल: बहुस्तरीय आणि उलट

पेज टेबल म्हणजे प्रोग्रॅमला दिसणाऱ्या आभासी पत्त्यावरून मेमरीतला खरा, भौतिक पत्ता काढण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवलेली नोंदवही. ही वही प्रोसेसर स्वतः वाचतो. आभासी मेमरीचे एकसारख्या मापाचे तुकडे पाडतात, त्यांना पेज म्हणतात. भौतिक मेमरीतल्या तेवढ्याच मापाच्या जागेला फ्रेम म्हणतात. नेहमीचे माप ४०९६ बाइट, म्हणजे पत्त्याचे खालचे १२ बिट पेजच्या आतली जागा सांगतात आणि वरचे बिट पेजचा क्रमांक. खालच्या १२ बिटांना कोणी हात लावत नाही. भाषांतर होते ते फक्त पेज क्रमांकाचे.

सर्वांत सरळ रचना म्हणजे एकच सपाट टेबल. पेज क्रमांक हाच टेबलातला अनुक्रमांक. त्या जागची नोंद उचलली की फ्रेम मिळाली. ३२ बिटी पत्त्यात पेज क्रमांकाला २० बिट उरतात, म्हणजे सुमारे १० लाख नोंदी. एक नोंद ४ बाइटांची धरली तर टेबल ४ मेगाबाइटचे, आणि तेही प्रत्येक प्रोसेससाठी वेगळे. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण १९८५ साली आलेल्या ८०३८६ प्रोसेसरच्या काळात अख्ख्या यंत्राची मेमरीच काही मेगाबाइट असे. म्हणून इंटेलने तेव्हाच दोन स्तरांचे टेबल घेतले होते.

६४ बिटांना मात्र हिशोब हाताबाहेर जातो. पेज क्रमांकाला ५२ बिट उरतात आणि नोंद ८ बाइटांची होते. २चा ५२वा घात गुणिले ८ म्हणजे २चा ५५वा घात: ३२ पेटाबाइट, तेही एका प्रोसेसच्या टेबलासाठी. प्रत्यक्षात आजचे बहुतेक x86-64 प्रोसेसर ६४ पैकी ४८ बिटच भाषांतरासाठी वापरतात, वरचे १६ बिट ४७व्या बिटाची नक्कल असावे लागतात. पण या सवलतीनंतरही सपाट टेबल ५१२ गिगाबाइटचे होते. शिवाय अनुक्रमांकाने नोंद उचलायची तर टेबल सलग असावे लागते, मधली पाने गाळता येत नाहीत.

खटकण्यासारखी गोष्ट आकाराची नाही, त्यात काय भरले आहे याची आहे. साधा प्रोग्रॅम वापरतो काही मेगाबाइट: कोड आणि हीप एका टोकाला, लायब्ररी आणि स्टॅक दुसऱ्या टोकाला, मध्ये प्रचंड पोकळी. सपाट टेबलातल्या जवळजवळ सगळ्या नोंदी ‘इथे काही नाही’ एवढेच सांगत बसतात. पुढच्या दोन्ही रचना ही पोकळी न लिहिण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

बहुस्तरीय टेबल

यात टेबलाचेच तुकडे करतात आणि त्या तुकड्यांचे वरती आणखी एक टेबल करतात. x86-64 मध्ये असे चार स्तर आहेत. प्रत्येक टेबलात ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद ८ बाइटांची, म्हणजे एक टेबल बरोबर ४०९६ बाइटांचे. टेबल स्वतः एका फ्रेममध्ये नेमके मावते, त्यामुळे सलग मोठी जागा शोधावी लागत नाही. रचनेतली ही सर्वांत नेटकी गोष्ट. ५१२ नोंदींतली एक निवडायला ९ बिट पुरतात. चार वेळा ९ आणि वर १२, असे ४८ बिट होतात.

लायब्ररीच्या भागातला एक पत्ता घेऊन पाहू:

```
0x7f3a1c2d5e48

011111110 011101000 011100001 011010101 111001001000
   254       232       225       213       0xe48
```

सर्वांत वरच्या टेबलाचा भौतिक पत्ता `CR3` या रजिस्टरमध्ये असतो. प्रोसेस बदलली की ऑपरेटिंग सिस्टिम तो बदलते. प्रोसेसर त्या टेबलातली २५४ क्रमांकाची नोंद वाचतो, तिच्यात दुसऱ्या स्तरावरच्या टेबलाचा पत्ता मिळतो. तिथली २३२वी नोंद तिसऱ्या स्तरावर नेते, तिथली २२५वी चौथ्या स्तरावर. चौथ्या टेबलातल्या २१३व्या नोंदीत फ्रेम क्रमांक `0x1b4c7` लिहिलेला असेल, तर त्याला `0xe48` जोडून भौतिक पत्ता `0x1b4c7e48` तयार होतो. वाटेत कुठल्याही नोंदीचा सर्वांत खालचा बिट शून्य निघाला तर चाल तिथेच थांबते आणि पेज फॉल्ट होऊन काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते.

जागा वाचते ती या शून्य बिटामुळेच. शेवटच्या स्तरावरचे एक टेबल २ मेगाबाइटचा प्रदेश सांभाळते, त्यावरचे १ गिगाबाइटचा आणि त्याही वरचे ५१२ गिगाबाइटचा. सर्वांत वरच्या टेबलातली एक नोंद रिकामी ठेवली की ५१२ गिगाबाइटची पोकळी ८ बाइटांत आटोपली. लिनक्सवरचा एखादा छोटा प्रोग्रॅम घ्या: कोड आणि हीप `0x5555…` च्या आसपास, लायब्ररी `0x7f3a…` ला, स्टॅक `0x7ffd…` ला. वरच्या टेबलात या तिघांच्या नोंदी अनुक्रमे १७०, २५४ आणि २५५. म्हणजे वरचे टेबल एक, दुसऱ्या स्तरावर तीन, तिसऱ्यावर तीन. चौथ्यावर समजा सहा लागली, तर एकूण १३ फ्रेम, म्हणजे ५२ किलोबाइट. सपाट टेबलाला लागले असते ५१२ गिगाबाइट.

पूर्ण ६४ बिटांसाठी याच मापाने सहा स्तर लागतील. तेवढी गरज अजून कोणाला पडलेली नाही. इंटेलने पाचव्या स्तराची सोय केली आहे, त्याने पत्ता ५७ बिटांचा होतो. प्रत्येक स्तर म्हणजे मेमरीत एक जादा फेरी, म्हणून स्तर वाढवताना सगळे हात आखडता घेतात. चार स्तरांत एक पत्ता शोधायला मेमरीचे चार वाचन होतात. हे दरवेळी होत नाही, कारण नुकतीच झालेली भाषांतरे टीएलबी या छोट्या कॅशेत राहतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र पाहुण्या सिस्टिमच्या प्रत्येक टेबलाचा पत्ताही यजमानाच्या टेबलांतून काढावा लागतो, आणि टीएलबी हुकल्यावर चाराच्या जागी २४ वाचनांपर्यंत मजल जाते.

बहुस्तरीय रचना पोकळीचे पैसे घेत नाही, पण भरलेल्या भागाचे प्रत्येक प्रोसेसकडून वेगळे घेते. हे कुठे अंगाशी येते ते पाहण्यासाठी ६४ गिगाबाइटची सामायिक मेमरी वापरणारा डेटाबेस घ्या, ज्यात प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस असते. डेटा एकच, पण टेबल ज्याचे त्याचे. एका प्रोसेसने सगळी सामायिक मेमरी चाळली की तिच्या शेवटच्या स्तरावर १ कोटी ६७ लाखांवर नोंदी होतात, म्हणजे १२८ मेगाबाइट. अशा ५०० प्रोसेस झाल्या की नुसती टेबलेच ६२.५ गिगाबाइट! डेटा ६४ आणि त्याची अनुक्रमणिका जवळजवळ तेवढीच. बाहेरून दिसते ते इतकेच की मेमरी संपली, पण प्रोसेसच्या हिशोबात ती कुठेच सापडत नाही. लिनक्सवर ती इथे सापडते:

```
grep PageTables /proc/meminfo
grep VmPTE /proc/self/status
```

पहिली ओळ अख्ख्या यंत्राची, दुसरी एका प्रोसेसची. दुसऱ्या प्रोसेसचा आकडा हवा तर `self` च्या जागी तिचा क्रमांक लिहायचा. उपाय म्हणजे २ मेगाबाइटची मोठी पेज. मग चाल तिसऱ्याच स्तरावर संपते, चौथा स्तर लागतच नाही, आणि तोच ६४ गिगाबाइटचा प्रदेश दर प्रोसेसला २५६ किलोबाइटांत बसतो.

उलट टेबल

दुसरी तऱ्हा प्रश्नच फिरवते. आभासी पेजगणिक नोंद ठेवण्याऐवजी भौतिक फ्रेमगणिक एक नोंद ठेवायची: या फ्रेममध्ये सध्या कोणत्या प्रोसेसचे कितवे पेज आहे? पत्ता ३२ बिटांचा असो की ६४चा, टेबलाचा आकार बसवलेल्या मेमरीवर ठरतो. १६ गिगाबाइट मेमरीत सुमारे ४२ लाख फ्रेम. नोंद १६ बाइटांची धरली तर ६४ मेगाबाइट, म्हणजे मेमरीचा २५६वा भाग. आणि हे अख्ख्या यंत्रासाठी एकदाच, प्रोसेस दहा असोत की दहा हजार.

कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या अॅटलस संगणकात (१९६२) मुख्य मेमरीच्या ३२ पेजांसाठी ३२ रजिस्टर होते, प्रत्येकात त्या जागी असलेल्या पेजचा क्रमांक, आणि सगळ्यांची तुलना एकाच वेळी होई. ३२ला हे जमते. ४२ लाखांना नाही. फ्रेमवरून पेज सांगणारी वही पेजवरून फ्रेम शोधायला उलटी पडते, म्हणून पुढे हॅशिंग आले.

वरचाच पत्ता आता या मार्गाने. प्रोसेसचा क्रमांक आणि पेज क्रमांक `0x7f3a1c2d5` यांचा हॅश काढायचा. तो एका छोट्या टेबलातली जागा देतो आणि तिथे साखळीतल्या पहिल्या नोंदीचा क्रमांक असतो. ती नोंद उघडून दोन्ही क्रमांक ताडायचे. जुळले नाहीत तर तिच्यातल्या दुव्यावरून पुढची. १,११,८१५ क्रमांकाच्या नोंदीत ते जुळले, तर फ्रेम क्रमांक वेगळा वाचावाच लागत नाही: नोंदीची जागा हाच फ्रेम क्रमांक, आणि १,११,८१५ म्हणजेच `0x1b4c7`. नशीब बरे असेल तर दोन वाचनांत काम झाले.

अडचणी तीन ठिकाणी येतात. पेज मेमरीत नसेल तर साखळी शेवटपर्यंत चाळल्याशिवाय ते कळत नाही. आणि कळल्यावरही ते डिस्कवर कुठे आहे हे या टेबलात नसते, त्यासाठी वेगळी वही लागतेच. दुसरी अडचण सामायिक मेमरीची: एका फ्रेमला एकच नोंद, म्हणजे मालक एकच. दोन प्रोसेसना तीच फ्रेम हवी तर शुद्ध उलट टेबलात लिहायला जागा नाही. तिसरी जरा आडून येते. बहुस्तरीय टेबलात शेजारच्या पेजांच्या नोंदी शेजारीच असतात आणि कॅशेच्या एका ६४ बाइटांच्या ओळीत आठ येतात. हॅश त्या मुद्दाम विखुरतो.

आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरांनी यातला बदललेला प्रकार बराच काळ चालवला. तिथे आठ नोंदींचे गट असतात. पहिल्या हॅशच्या गटात जागा नसेल तर दुसऱ्या हॅशच्या गटात पाहतात. नोंदीत फ्रेम क्रमांक वेगळा लिहिलेला असल्याने जागा आणि फ्रेम यांची सक्तीची जोडी सुटते. पण दोन्ही गट भरलेले असतील तर कोणाला तरी हाकलावे लागते. त्या पेजला पुढच्या वेळी फॉल्ट होतो, पेज मेमरीत शाबूत असतानाही. म्हणून लिनक्स पॉवरवर आपले बहुस्तरीय टेबल ठेवतच असे आणि हॅश टेबलाला त्याची कॅशे मानत असे. म्हणजे जागा वाचवायला आणलेली रचना दुसऱ्या रचनेच्या जोडीला राहिली. पॉवर९ (२०१७) मध्ये आयबीएमने हार्डवेअरलाच बहुस्तरीय टेबल वाचता येण्याची सोय केली, जुना मार्गही ठेवला. अशा यंत्रावर कोणता मार्ग चालू आहे ते `/proc/cpuinfo` मधल्या `MMU` या ओळीत दिसते: `Radix` किंवा `Hash`.