काकाचा लाल डोळा आणि पुतणीचा पांढरा डोळा: युव्हायटिस दोघांनाही, पण आजार वेगवेगळा

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. निदान आणि औषध डॉक्टरांचं, पण मुलाला मशीनपुढं बसवणं, चित्रं वाचून घेणं, प्रेशर बघणं आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या आजीला समजावणं हे सगळं माझ्याकडं. खाली जे घर सांगतेय त्याची ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, डोळ्यातलं मात्र बदललेलं नाही.

गडहिंग्लजकडचं कुटुंब. घरात काका, वय बत्तीस, त्यांना कंबरेचा वात, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, रक्तात एचएलए-बी२७ ही जनुकाची खूण पॉझिटिव्ह. एका रात्री त्यांचा उजवा डोळा दुखायला लागला, सकाळी लालभडक, उजेड सहन होईना, डोक्यावर टॉवेल टाकून एसटीनं कोल्हापूरला आले. युव्हायटिस निघाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या बाजूची सूज. जागेपणी तासातासाला स्टेरॉइडचे थेंब, बाहुली मोठी करायचे थेंब, मग हळूहळू कमी करत सहा आठवड्यांत डोळा स्वच्छ. पुढच्या वर्षी डावा डोळा, तीच कथा, तोही बरा. नजर शाबूत.

त्याच घरात चार वर्षांची पुतणी. उजवा गुडघा सुजलेला, सकाळी लंगडायची, दुपारपर्यंत पळायची. सूज सहा आठवड्यांच्या वर टिकली, रक्तात एएनए नावाची अँटिबॉडी, तेही पॉझिटिव्ह आलं, निदान झालं बालसंधिवात, म्हणजे जेआयए, त्यातला थोडेच सांधे धरणारा ऑलिगो प्रकार. गुडघ्यात इंजेक्शन दिलं, सूज उतरली. मुलांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं की डोळे लगेच तपासा, स्लिट लॅम्पवर. ही चिठ्ठी पाच महिने फाइलमध्ये राहिली, कारण घरात युव्हायटिस कसा असतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं! आजी मला म्हणाल्या, "मी रोज बघतो की ओ तिचे डोळे, पांढरेशुभ्र हाईत. काकाला झाल्तं तवा पोरगं तीन दिवस झोपलं न्हवतं. हिला काय झालं असतं तर कळलं नसतं व्हय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्या आजाराबद्दलचा आहे.

काकांना झाला तो अक्यूट अँटिरिअर युव्हायटिस. बहुतेक वेळा एका वेळी एकच डोळा धरतो, एक-दोन दिवसात भडकतो, काळ्या बुबुळाच्या कडेनं लाली येते, आतला स्नायू आवळला जातो म्हणून दुखतं आणि उजेड टोचतो. म्हणजे आजारच माणसाला दवाखान्यात ओढून आणतो. (डोळे येणं वेगळं बरं का, त्यात चिपडं येतात, पापण्या चिकटतात, पण नजर सहसा ठीक असते आणि उजेडाचा असा त्रास नसतो.) हा प्रकार मुलांमध्येही असतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, टाच दुखते, कंबर धरते, बी२७ पॉझिटिव्ह, तोही जेआयएच, पण त्याचा डोळा भडकला तर काकांसारखाच भडकतो.

पुतणीचा तो क्रॉनिक अँटिरिअर युव्हायटिस. जागा तीच, डोळ्याचा पुढचा भाग, पण सूज मंद आणि महिनोन्महिने चालणारी, बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत. लाली नाही, पाणी नाही, दुखणं नाही. बरं, नजर कमी झाली तरी चार वर्षांचं मूल सांगत नाही, एका डोळ्यानं धूसर दिसत असेल तर ते दुसऱ्यानं बघून खेळत राहतं, त्याला धूसर म्हणजे काय हेच माहीत नसतं. सातव्या वर्षाच्या आत सुरू झालेला सांधेदुखीचा आजार, ऑलिगो प्रकार किंवा आरए फॅक्टर निगेटिव्ह असलेला अनेक सांध्यांचा प्रकार, एएनए पॉझिटिव्ह आणि आजार सुरू होऊन चार वर्षांच्या आतला काळ, एवढं जुळलं की धोका सगळ्यात जास्त. आरए फॅक्टर आणि एएनए या दोन वेगळ्या रक्ततपासण्यांची पण लोक सरमिसळ करतात, "आरए निगेटिव्ह आलंय मॅडम, म्हणजे काय नाही ना?" तर डोळ्यासाठी बघायचं ते एएनए, आणि तेही निगेटिव्ह आलं म्हणून तपासणी सुटत नाही, फक्त अंतर वाढतं.

मग संक्रांतीच्या आसपास ते आले, तेही काकांच्या फॉलोअपला आले म्हणून पोरगीला बरोबर आणलेली. चित्रांच्या तक्त्यावर तिनं दोन्ही डोळ्यांनी ६/९ वाचलं, त्या वयाला हे छान आहे. टॉर्चनं बघितलं, डोळा स्वच्छ. इथं थांबलं असतं तर फाइलवर "डोळे तपासले, नॉर्मल" एवढं लिहून घरी गेले असते. बऱ्याच मुलांचं तसंच होतं, शाळेतल्या शिबिरात किंवा चष्म्याच्या दुकानात नंबर बघतात आणि पालकांना वाटतं डोळे तपासून झाले. नंबरची तपासणी विचारते की मुलाला किती दिसतंय, आणि ही सूज सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पाडत नाही.

स्लिट लॅम्प वेगळं काय करतो ते सांगते. जुन्या कौलारू घरात भर दुपारी फटीतून उन्हाचा कवडसा येतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते, बाकी खोलीत तीच धूळ असते पण दिसत नाही. तसंच. खोली अंधारी करायची, एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरचा झोत तिरका सोडायचा, आणि पारदर्शक पडदा व बुबुळ यांच्यामधल्या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी मोठ्या करून मोजायच्या. एकही नाही तर शून्य, एक ते पाच अर्धा प्लस, सहा ते पंधरा एक प्लस, सोळा ते पंचवीस दोन प्लस, असं वर चार प्लसपर्यंत. ही मोजणी बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या आधी करायची, कारण थेंबांनंतर बुबुळातला रंगाचा चुरा पाण्यात सुटू शकतो आणि तो पेशींसारखा दिसून फसवतो. थेंब नंतर, मागचा भाग बघायला.

चार वर्षांचं मूल हनुवटी ठेवून गप्प बसतं का? नाही. आमच्याकडं ती खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहते, आईनं मागून डोकं धरायचं, आणि मी म्हणते आतल्या लाईटमध्ये मांजर बसलंय ते शोध. पाच-दहा सेकंद मिळाले तरी डॉक्टरांना पुरतात. पहिल्यांदा नाहीच जमलं तर त्याच आठवड्यात परत बोलवायचं, "मूल बसलं नाही" हा रिपोर्ट नॉर्मल धरायचा नाही.

तिच्या उजव्या डोळ्यात वीसेक पेशी निघाल्या, म्हणजे दोन प्लस. डाव्यात तीन-चार, अर्धा प्लस. थेंब घातल्यावर डावी बाहुली गोल उघडली, उजवी खालच्या बाजूला अडकली, पिंपळाच्या पानासारखा आकार. बुबुळ मागच्या भिंगाला चिकटायला लागलं होतं. काका स्वतः मॉनिटरवर बघत होते, म्हणाले, "माझ्यात पण हेच होतं?" डॉक्टर म्हणाले, तुमच्यात याच्यापेक्षा जास्त पेशी होत्या, पण तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, हिच्यात किती महिने आहेत कुणास ठाऊक.

मला विचाराल तर सगळा फरक तिथंच आहे. क्रॉनिकमध्ये पेशी काकांच्या निम्म्याही नसतील, पण वेळ भरपूर मिळतो, आणि नुकसान वेळेनं होतं. आधी बुबुळ चिकटतं, पुढं पारदर्शक पडद्यावर दोन्ही कडांकडून कॅल्शियमची पांढुरकी पट्टी आत सरकते, मोतीबिंदू, काचबिंदू, मागच्या पडद्याला सूज. घरच्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं ते यातलं, पांढरी पट्टी किंवा वाकडी बाहुली, आणि ते दिसतं तेव्हा आजार जुना झालेला असतो.

औषधातही काकांचा अनुभव आडवा आला. आजीला वाटलं सहा आठवडे थेंब, मग संपलं, काकांची अर्धी बाटली घरात आहेच. तसं नसतं. हिला प्रेडनिसोलोनचे थेंब सुरू केले, महिन्यात उजवा अर्धा प्लसवर आणि डावा शून्यावर आला, पण दिवसाला दोन थेंबांच्या खाली गेलं की पेशी परत वर. तीन महिने असंच. स्टेरॉइडचे थेंब वर्षानुवर्षं घातले तर त्यांनीच मोतीबिंदू होतो आणि प्रेशर वाढतं, म्हणून थेंब सुटत नाहीत असं दिसल्यावर डोळ्यांचे आणि वाताचे डॉक्टर बोलले आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू झालं, बरोबर फॉलिक अ‍ॅसिड. (आठवड्यातून एकदा, रोज नाही, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते, यात चूक झाली तर भारी पडते.) त्यानं भागलं. नाही भागलं तर पुढं अ‍ॅडालिमुमॅब असतं, मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ते दिल्यानं या मुलांचा युव्हायटिस आटोक्यात राहतो हे सिकॅमोर नावाच्या ब्रिटिश ट्रायलमध्ये दिसलं, २०१७ साली ते छापून आलं.

आणि या सगळ्या काळात गुडघा? एकदम ठीक. दोरीवरच्या उड्या मारत होती. इथं खूप घरं फसतात, गुडघा बरा म्हणजे आजार बरा म्हणजे डोळ्यांची चक्कर बंद. सांधा आणि डोळा एकमेकांच्या तालावर चालत नाहीत, काही मुलांत तर डोळा सांध्याच्या आधी सुरू होतो. उलट औषध कमी केल्यावर किंवा थांबवल्यावर डोळा जास्त बघावा लागतो, थेंब बदलले की महिन्याच्या आत, मेथोट्रेक्सेटसारखं औषध बदललं की दोन महिन्यांच्या आत.

वेळापत्रक साधं आहे. जास्त धोक्याच्या मुलांना, जरी आजवर एकदाही पेशी सापडली नसली तरी, दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्प. बाकीच्या जेआयएच्या मुलांना सहा ते बारा महिन्यांनी. टाच दुखणाऱ्या बी२७वाल्या मुलाला पण सहा-बारा महिन्यांनीच, पण त्याला वेगळं बजावायचं, डोळा लाल झाला की तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ये. या तपासणीनं युव्हायटिस टळत नाही हेही खरंय, तीन महिन्यांच्या मधे तो सुरू होऊ शकतो. फक्त सापडतो तेव्हा जुना नसतो.

तीन महिन्यांची तारीख आजींच्या लक्षात राहीना, मोबाईलचं रिमाइंडर त्यांना पटेना. मग त्यांनीच हिशोब लावला, संक्रांत, जोतिबाची चैत्री यात्रा, आषाढी आणि दसरा. दिवस थोडे मागंपुढं होतात, चालतं. गेल्या दसऱ्याला आल्या तेव्हा दोन्ही डोळ्यांत शून्य, थेंब बंद, उजवी बाहुली खाली अजून थोडी अडकलेली आहे ती तशीच राहील बहुतेक. जाताना आपट्याची पानं माझ्या टेबलावर ठेवली आणि पोरगीला म्हणाल्या, "चल, आता संक्रांतीला मांजर बघायला यायचंय."