डॉक्टरांनी बाळाच्या दूध पावडरीचा डबा बदलला असेल तर

‘लिहिलेला डबा नसेल तर तसलाच दुसरा द्या.’ आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर हे वारंवार ऐकू येतं. पण तसलाच दुसरा बहुधा नसतोच.

बाळाची नेहमीची पावडर गाईच्या दुधाची असते आणि त्यातली प्रथिनं अख्खी असतात. काही बाळांना तीच सोसत नाहीत. अंगावर पुरळ येतं, उलट्या थांबत नाहीत, शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. अशी ॲलर्जी वाटली की डॉक्टर ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ डबा लिहितात. दूध गाईचंच, पण प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक बाळांना त्रास होत नाही. डब्यावर ‘पार्शियली’ असेल तर तुकडे मोठे राहिलेले असतात, ॲलर्जीला तो चालत नाही. ‘लॅक्टोज-फ्री’मध्ये फक्त दुधातली साखर काढलेली असते, प्रथिनं तशीच.

सोयाचा डबा स्वस्त पडतो, चवीलाही बरा. पण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही चालत नाही आणि 6 महिन्यांच्या आत डॉक्टर तो सहसा टाळतात. दुधातली साखर ज्यात बाळाला चालत नाही अशा गॅलॅक्टोसेमियासारख्या आजारात मात्र सोयाच लिहून येतो.

आता खरी अडचण. एका चार महिन्यांच्या बाळाला हायड्रोलाइज्ड डबा लिहिला होता. त्याची चव कडवट, वासही उग्र. बाळाने तोंड फिरवलं म्हणून आजीने प्रत्येक बाटलीत जुन्या पावडरीचा एक चमचा घातला. बाळ प्यायलं, पण पुरळ हटेना. ‘डबा लागू पडला नाही,’ म्हणून घरचे आमच्याकडे आले! त्या एका चमच्यातून अख्खी प्रथिनं रोज पोटात जात होती. डबा लागू पडतो का, ही चाचणी डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागली. फरक पडायला 2 ते 4 आठवडे लागू शकतात. तोवर जुनी पावडर, गाईचं, म्हशीचं किंवा शेळीचं दूध काहीच नको. डॉक्टरांनीच हळूहळू बदलायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. या डब्यावर शी हिरवट आणि पातळ होते, त्याला घाबरून डबा बंद करू नका. मात्र ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

दुसरी चूक म्हणजे रविवारी डबा संपणं. पूर्ण वरच्या दुधावरच्या चार महिन्यांच्या बाळाला 400 ग्रॅम जेमतेम 3-4 दिवस पुरतं. म्हणून चिठ्ठी मिळाली की पहिल्याच दिवशी आम्हाला दाखवा. एक डबा न्या, बाकीचे आम्ही मागवून ठेवू; नको झाले तर घेण्याची सक्ती नाही. उघडलेला डबा मात्र परत घेत नाही, कारण तो पुढच्या बाळाला देता येत नाही. बाळाच्या डब्यावर आम्ही सवलत का देत नाही, असंही विचारतात. तशी जाहिरात आणि सवलत 1992 च्या कायद्याने बंद आहे.

अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना न विचारता सोडू नका. आणि मापाचा चमचा ज्या डब्यातला त्याच डब्यासाठी वापरा, सगळ्यांचं माप सारखं नसतं.