रोझेशिया (आणि तो पिंपल्सपेक्षा वेगळा कसा)

रोझेशिया म्हणजे गाल, नाक, कधी हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग यांवर येणारी लाली, जी आधी येऊन-जाऊन असते आणि मग हळूहळू तिथेच मुक्काम ठोकते, आणि त्या लालीवर बारीक पुळ्या उठतात. बहुतेकदा तिशीनंतर सुरू होतो, म्हणजे पिंपल्सचं वय उलटून गेल्यावर, आणि तरीही बहुतेक लोक त्याला पिंपल्सच समजतात.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड. पिंपल्समध्ये तेल आणि मृत पेशींनी छिद्रं बुजतात, त्यामुळे हे दाणे असतातच, पाठीवर-छातीवरही पुळ्या येतात. रोझेशियात छिद्रं बुजलेली नसतात, मूळ गडबड रक्तवाहिन्या चटकन फुलण्यात आणि त्वचेच्या दाहात असते, म्हणून पुळ्यांबरोबर जळजळ, चुरचुर, कधी गालावर बारीक लाल शिरा दिसतात. डोळे लाल होऊन खुपतात तेही त्याचंच असू शकतं, ते नेत्रतज्ज्ञाला नक्की दाखवावं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात लाली बरेचदा लाल दिसत नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसते, म्हणून निदान चुकतं. काचेची पट्टी गालावर दाबली की तो भाग फिका पडतो आणि सोडली की रंग परत भरतो, डॉक्टर असं करून बघतात. आणि पेशंटला विचारावं, चेहरा गरम कधी होतो? उन्हात, गॅससमोर, गरम चहा किंवा झणझणीत रस्सा खाल्ल्यावर, असं उत्तर आलं तर शंका पक्की होत जाते.

समजा ३८ वर्षांची एक बाई आहे. गालावर पुळ्या आल्या म्हणून तिने पिंपल्सचं बेंझॉइल पेरॉक्साइड लावलं, तर चेहरा भाजल्यासारखा झाला. मग मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेलं 'गोरेपणाचं' क्रीम आणलं, त्यात स्टेरॉइड होतं. आठवड्यात चेहरा छान झाला, आणि इथेच फसगत होते, कारण काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि क्रीम बंद केलं की काही दिवसांत लाली-पुळ्या दुपटीने उसळतात, म्हणून माणूस परत तेच लावतो. या स्टेरॉइडनेच चांगल्या चेहऱ्यावरही रोझेशियासारखं दिसणारं दुखणं येतं, आणि भारतात हे फार बघायला मिळतं. ते क्रीम बंद कसं करायचं, एकदम की हळूहळू, हे त्वचारोगतज्ज्ञालाच ठरवू द्यावं.

पुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल जेल, अॅझेलेइक अॅसिड किंवा १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम देतात. आयव्हरमेक्टिन का, तर बहुतेक सगळ्यांच्याच त्वचेच्या छिद्रांत असणारा डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म जीव रोझेशियात जास्त सापडतो. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. या औषधांनी पुळ्या जातात पण लालीवर फारसा फरक पडत नाही, शिरांसाठी लेझर लागतो, आणि रोजचं सनस्क्रीन चुकवलं तर पुन्हा उसळतो.