शिफ्ट इन्चार्ज : कामगार आणि मॅनेजमेंटच्या मधला माणूस

वरची ऑर्डर खाली सांगायची आणि खालची तक्रार वर न्यायची हे ज्याचं काम असतं तो मधला अधिकारी. गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांत हा बहुतेक शिफ्ट इन्चार्ज किंवा सुपरवायझर असतो.

या मधल्या माणसाच्या कोंडीवरचे सुरुवातीचे दोन लेख एकाच वर्षीचे. 1945 मध्ये अमेरिकन अभ्यासक रॉथलिसबर्गर यांनी फोरमनवर लेख लिहिला आणि त्याच वर्षी गार्डनर आणि व्हाइट यांचाही लेख आला. पण मुद्दा जास्त खोल पकडला तो रॉथलिसबर्गरनी असं वाटतं, कारण त्यांनी दाखवलं की फोरमन दोन्हीकडे वेगवेगळी भाषा बोलतो, वरच्याला जे ऐकायला आवडेल ते वर आणि खालच्याला जे झेपेल ते खाली, आणि त्यातच तो अडकत जातो. 1964 मध्ये कान आणि सहकाऱ्यांनी याला भूमिका-संघर्ष म्हणून मांडलं, म्हणजे एकाच माणसाकडून दोन बाजूंच्या उलटसुलट अपेक्षा.

समजा वेर्ण्यातल्या एका कारखान्यात सत्तरी-पेडण्याचे कामगार दरवर्षी चवथीला पाच दिवस घरी जातात, कारण घरचा गणपती पाच दिवसांचा, आणि यंदा एक्स्पोर्टची ऑर्डर आहे म्हणून वरून आदेश येतो की सुट्टी दीडच दिवस. हे सांगायचं कोणी, तर इन्चार्जने. पोरं चिडतात, तो वर कळवतो की "थोडी नाराजी आहे, मॅनेज होईल", खरं तर अर्धी शिफ्ट येणारच नाही हे त्याला माहीत असतं. चवथीच्या दिवशी मशीन बंद, आणि जाब त्यालाच. बिघाडाची खूण हीच, वर गेलेला शब्द आणि खालची परिस्थिती यांत फरक पडला की समजावं.

इथं कायदा त्याच्या बाजूने थोडा आहे, पण तो सहसा कोणी त्याला सांगत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 9अ कलमात, रजा किंवा चालत आलेली सवलत बदलून कामगारांचं नुकसान होणार असेल तर 21 दिवस आधी नोटीस लागायची, आणि 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही मुदत तशीच ठेवलीय. त्यामुळे पहिला प्रश्न त्याने एचआरला विचारायचा तो "नोटीस दिली का?" आणि उत्तर लेखी घ्यायचं, मगच खाली बोलायचं. त्याचबरोबर कोण येणार नाही याची नावांसकट यादी वर पाठवायची, अंदाज नाही. एखाद्याची रजा कामाच्या गरजेपोटी नाकारणं वेगळं, ते कंपनीच्या नियमांतच बसतं.

स्वतः इन्चार्जचं काय, तर ते नाजूक आहे. सुपरवायझरीचं काम आणि महिन्याचा पगार 18,000 रुपयांवर म्हणजे तो नव्या संहितेप्रमाणे कामगार राहत नाही; जुन्या कायद्यात 2010 पासून ही मर्यादा 10,000 होती. मात्र कोर्ट पदाचं नाव बघत नाही, मुख्य काम बघतं, त्यामुळे रजा मंजूर करायचा किंवा कोणावर कारवाई करायचा अधिकारच नसलेला नुसता नावाचा सुपरवायझर कामगार ठरू शकतो.