उन्हात काळवंडणारी लघवी

लघवीची पिशवी खाटेच्या कडेला, खिडकीच्या बाजूला लटकत होती. सकाळी तिच्यातला द्रव नेहमीसारखा पिवळट होता. दुपारी ऊन थेट पिशवीवर आलं आणि संध्याकाळपर्यंत तोच द्रव कोकमाच्या आगळासारखा गडद लालसर दिसायला लागला. रक्त उतरलं असेल म्हणून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात लाल रक्तपेशी नव्हत्या.

खाटेवर सव्वीस वर्षांची मुलगी आहे असं समजा. ही कुणा एकीची गोष्ट नाही. या आजाराच्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी मी एकीच्या नावावर जोडल्या आहेत. घरात लग्न होतं. साडी नीट बसावी म्हणून तिने दोन आठवडे भात-पोळी बंद करून काकडी-टोमॅटोवर दिवस काढले. हळदीच्या दिवशी अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. लग्न पार पडलं आणि तिसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. दुखणं एका जागी नाही, सगळ्या पोटभर. पाठीत आणि मांड्यांतही कळा. उलट्या होत होत्या आणि पाच दिवस शौचाला झालं नव्हतं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर ते मऊ. अपेंडिक्स किंवा आतडं फुटलेल्या माणसाचं पोट फळीसारखं ताठ होतं, हात लावू देत नाही. इथे मुलगी कळवळतेय आणि पोट मात्र शांत. ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन स्वच्छ. फक्त नाडी 124 आणि रक्तदाब 160/100. बाकी काहीच सापडत नाही म्हटल्यावर कुणीतरी ‘मनाचं दुखणं’ हा शब्द उच्चारला. सहाव्या दिवशी तिला फिट आली. रक्तातलं सोडियम 135 च्या वर हवं, ते 116 वर घसरलेलं होतं. फिट थांबवायला फेनिटोइन सुरू केलं. दोन दिवसांनी तिला केस विंचरायला हात वर उचलता येईना.

या आजाराचं नाव अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया. अचानक उसळणाऱ्या पॉर्फिरियांचे चार प्रकार आहेत आणि त्यांतला हा सर्वाधिक आढळणारा. उरलेल्यांपैकी दोन प्रकारांत उन्हाने त्वचेवर फोडही येतात, यात येत नाहीत.

या आजाराचं मूळ शरीरात हीम बनण्याच्या प्रक्रियेत आहे. हीम म्हटलं की आपल्याला हिमोग्लोबिन आठवतं. मधोमध लोहाचा एक अणू आणि त्याभोवती चार कड्यांची जोडलेली चौकट, असा हा रेणू. शरीरातलं बहुतेक हीम हाडांच्या मगजात, रक्तपेशींसाठी बनतं. पण यकृताचीही स्वतःची हीमची गरज असते. औषधं, दारू, हॉर्मोन्स यांची विल्हेवाट लावणारी यकृतातली एन्झाइम्स हीमशिवाय चालत नाहीत. आपली सगळी गोष्ट यकृतातल्या या हीमच्या कारखान्यात घडते.

कारखान्यात आठ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम. पहिलं एन्झाइम एएलए नावाचा छोटा रेणू तयार करतं. दुसरं, दोन एएलए जोडून पॉर्फोबिलिनोजेन बनवतं. त्याला पुढे पीबीजी म्हणू. तिसरं, चार पीबीजी एका माळेत ओवतं, आणि त्या माळेपासून पुढे चौकट घडत जाते. शेवटी आठवं एन्झाइम तिच्यात लोह बसवतं.

या आजारात तिसऱ्या टप्प्याच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती आपल्याकडे असतात. एक बिघडली तर एन्झाइम निम्मं बनतं. एरवी निम्म्यावर सहज भागतं, कारण कारखान्याचा वेग तिसरा टप्पा ठरवत नाही, पहिला ठरवतो. आणि पहिल्या टप्प्यावर हीमची स्वतःची नजर असते. यकृतात हीम पुरेसं असेल तर पहिलं एन्झाइम कमी बनतं, हीम कमी पडलं की जास्त बनतं. म्हणूनच बिघडलेलं जनुक घेऊन जगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर एकही झटका येत नाही. मला या आजारात सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच वाटते. जन्मजात दोष असतो तो निम्म्या क्षमतेचा. झटका येतो तो मागणी अचानक वाढल्यामुळे.

त्या मुलीने नकळत मागणी दोन बाजूंनी वाढवली. पिठूळ-गोड पदार्थ बंद झाले की यकृताला उपासमारीचा संदेश जातो, आणि तोच संदेश पहिल्या एन्झाइमचं जनुकही जोरात चालू करतो. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हॉर्मोन असतं. ते पचवण्यासाठी यकृत जास्त एन्झाइम्स बनवतं, त्यांना हीम लागतं, साठा घटतो आणि पहिला टप्पा आणखी वेग घेतो. शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉनही हेच करतं. म्हणून झटके बहुतेक वयात आलेल्या बायकांना येतात, पुष्कळदा पाळीच्या आधीच्या आठवड्यात. लहान मुलांत ते जवळपास दिसत नाहीत.

आता पहिला आणि दुसरा टप्पा भरधाव आणि तिसऱ्यावर निम्मेच हात. एएलए आणि पीबीजी साचतात, रक्तात उतरतात. त्यांतलं एएलए मज्जातंतूंना बाधतं असा आज बहुतेक तज्ज्ञांचा कयास आहे. आतड्याच्या नसा बिघडल्या की कळा येतात आणि आतडं ढिम्म बसतं. पोट मऊ राहतं, कारण पोटात सूज नसतेच. नाडी आणि रक्तदाबाच्या नसा बिघडल्या की ते दोन्ही चढतात. पुढे हातापायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसांची पाळी येते, आणि वेळीच थांबवलं नाही तर श्वासाच्या स्नायूंचीही. हे सगळं यकृतातून सुरू होतं याचा पुरावा विलक्षण आहे. यकृत बदललं की या रुग्णांचे झटके थांबतात. आणि त्यांचं काढलेलं यकृत, बाकी सगळं ठीक म्हणून, ज्या दुसऱ्या गरजूंना बसवलं त्यांना हाच आजार झाला.

पीबीजी लघवीतून बाहेर पडतं. ते रंगहीन असतं. उजेडात आणि हवेत काही तास राहिलं की त्याचे रेणू आपापसांत जोडले जाऊन लाल-तपकिरी रंगद्रव्यं बनतात. म्हणून ताजी लघवी पुष्कळदा साधीच दिसते आणि खिडकीतली काळवंडते. स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी 1937 मध्ये आपल्या देशातल्या शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दोनच वर्षांनी वालक्विस्ट यांच्यासोबत लघवीतला हा रंगहीन पदार्थ वेगळा ओळखला. लॅपलँडमधल्या आर्येप्लूग या गावाच्या परिसरात हा आजार घराण्या-घराण्यांतून उतरत आला आहे.

पीबीजी ओळखायची जुनी परीक्षा आजही बघण्यासारखी आहे. परीक्षानळीत लघवी आणि तेवढंच एर्लिख अभिकर्मक घातलं की चेरीसारखा लाल रंग चढतो. पण युरोबिलिनोजेन हा लघवीत एरवीही असणारा पदार्थ तसाच रंग देतो. म्हणून सोडियम अ‍ॅसिटेट घालून वर क्लोरोफॉर्म ओतायचं, नळी हलवायची आणि स्थिर होऊ द्यायची. क्लोरोफॉर्म जड, ते तळाशी बसतं. लाली तळाला गेली तर युरोबिलिनोजेन. वरच्या पाण्यातच राहिली तर बहुधा पीबीजी. मोठ्या प्रयोगशाळा आता ते नेमकं मोजतात. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला 4 मिलिग्रॅमच्या आत असतं. झटक्यात ते 20 ते 200 पर्यंत जातं. इतकी उडी असल्यामुळे चोवीस तासांची लघवी गोळा करत बसायची गरज नसते, एका वेळचा नमुना पुरतो. मात्र तो दुखत असतानाच घ्यावा आणि बाटलीला काळा कागद किंवा फॉइल गुंडाळून, थंड ठेवून पाठवावा. उजेडात पीबीजी नासतं आणि आकडा खोटा खाली येतो.

इथे एक चूक नेहमी होते. चिठ्ठीवर ‘युरिन पॉर्फिरिन’ असं लिहिलं जातं. पॉर्फिरिन हे पुढच्या टप्प्यांतले पदार्थ. ते यकृताच्या साध्या आजारांतही थोडे वाढतात. त्यावरून काहींच्या गळ्यात नसलेला पॉर्फिरिया बांधला जातो. चिठ्ठीवर पीबीजी हा शब्द हवा. आणखी एक फसगत शिशाची. शिसं दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम बंद पाडतं, म्हणून शिशाच्या विषबाधेतही अशाच कळा आणि अशीच बद्धकोष्ठता होते. पण तिथे एएलए खूप वाढतं आणि पीबीजी जवळपास जागेवर असतं. आहारातल्या किंवा औषधातल्या भस्मांची चौकशी तेव्हा जरूर करावी.

त्या मुलीचं पीबीजी आलं 96. सगळ्यात आधी फेनिटोइन बंद झालं. फिट थांबवायला दिलेलं ते औषधच आग भडकवत होतं. फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएटही या रुग्णांना चालत नाहीत. लेव्हेटिरासिटाम चालतं. सल्फाच्या गोळ्या, क्षयाचं रिफॅम्पिसिन आणि भुलीचं थायोपेंटोनही टाळायच्या यादीत आहेत. पॅरासिटामॉल, अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि दुखण्यावर मॉर्फिन बिनधोक मानतात. मॉर्फिन द्यायला कचरू नये. ही वेदना खरी असते आणि भयंकर असते.

मग शिरेतून ग्लुकोज, दिवसाला निदान 300 ग्रॅम. उपासमारीचा संदेश त्याने मोडतो. नुसतं ग्लुकोजचं पाणी भरलं तर घसरलेलं सोडियम आणखी घसरतं, म्हणून त्यात मीठही जातं. खरं औषध मात्र हीमच, हेमिनच्या रूपात. वजनाच्या दर किलोला सुमारे 3 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार दिवस. ते मोठ्या शिरेतून देतात, कारण लहान शीर त्याने सुजते. यकृताला बाहेरून हीम मिळालं की पहिल्या एन्झाइमवरची नजर परत बसते आणि एएलए-पीबीजीचा लोंढा आटतो. हे औषध सगळीकडे ठेवलेलं नसतं, मागवायला वेळ लागतो. म्हणून संशय आला त्याच दिवशी शोध सुरू करावा आणि तोवर ग्लुकोज चालू ठेवावं. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी पहिलं एन्झाइम बनवायचा जनुकाचा निरोप यकृतातच कापणारं गिवोसिरान हे इंजेक्शन अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं. महिन्यातून एकदा कातडीखाली देतात, पण ते फार महाग आहे.

उपासाचं काय, हे आपल्याकडे कुणीही विचारेल. साबुदाण्याची खिचडी, रताळं, वरीचे तांदूळ यांत पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे ते खाऊन केलेली एकादशी आणि निर्जळी एकादशी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निर्जळी, नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहणं आणि भात-पोळी सोडायला लावणारं डाएट या माणसांनी करू नये. दारू आणि सिगारेटही नको.

त्या मुलीच्या कळा हेमिनच्या तिसऱ्या दिवशी ओसरल्या. हात मात्र महिनोन्‌महिने कमजोर राहिले. नसा सावकाश भरतात. चार महिन्यांनी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. तोवर घरच्यांची जनुकतपासणी झाली होती. दोष वडिलांकडून आला होता. त्यांना साठ वर्षांत कधी पोटदुखी माहीत नव्हती. धाकट्या भावातही तोच दोष निघाला. त्याला काही होत नाही, कदाचित कधीच होणार नाही. पुढच्या महिन्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला औषधांची तीच यादी त्याने पाकिटात ठेवली आहे.