तवा घेताना किंमत बघा, पण वर्षाचा खर्चही काढा

दुकानात तीन तवे शेजारी ठेवले की हात आधी नॉनस्टिककडे जातो. हलका असतो, स्वस्त असतो आणि पहिल्याच दिवशी घावन अलगद सुटतं. तरीही खरेदीआधी हा हिशेब एकदा बघा. किमती उदाहरणादाखल धरल्या आहेत.

नॉनस्टिक तवा 900 रुपयांचा. रोजच्या वापरात तो साधारण अडीच वर्षं टिकतो, म्हणजे वर्षाला 360 रुपये. त्याचा थर 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोचतो. ओरखडे दिसण्याआधीच मधला भाग निस्तेज होतो आणि ऑम्लेट नेमकं तिथेच धरतं. थर सुटायला लागला की तवा बदलायचाच.

बिडाचा तवा 1,200 रुपयांचा. तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो, पण आपण 20 वर्षंच धरू: वर्षाला 60 रुपये. मात्र इथे गॅसही मोजायला हवा, कारण बीड तापायला वेळ घेतं. रोज मंद आचेवर चार मिनिटं जास्त लागली, तर वर्षाला साधारण 2 किलो गॅस जादा जळतो. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर हे साधारण 130 रुपये होतात. म्हणजे खरा खर्च 60 नव्हे, 190 रुपये. तरीही तो नॉनस्टिकपेक्षा बराच कमी आहे. शिवाय बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे शेवटचं घावन टाकल्यावर गॅस बंद केला तरी ते व्यवस्थित होतं.

नवा बिडाचा तवा धुऊन गॅसवर कोरडा करा. तेलाचं बोट फिरवा, फडक्याने तवा कोरडा वाटेपर्यंत पुसा आणि धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा करा. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो. गंज चढला तर घाबरू नका. घासून काढा आणि हेच पुन्हा करा. तवा खरा वाया जातो तो फरशीवर आपटून किंवा तापलेल्यावर गार पाणी ओतून, कारण मग त्याला तडा जातो.

स्टीलवर घावन चिकटतं, म्हणून स्टीलचा तवा आम्ही सुचवत नाही. कढई मात्र जाड स्टीलचीच घ्या, मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली. चिंच-कोकमाची आमटी बिडात ठेवली तर काळी पडते, इथे तसं होत नाही. 2,400 रुपयांची कढई 20 वर्षं चालली तर वर्षाला 120 रुपये पडतात, आणि शेवटी मोडीत थोडे पैसेही येतात. आधी कढई तापवा. पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळू लागला की तेल घाला. मग भाजी तळाला धरत नाही.

घरात फक्त अधूनमधून ऑम्लेट होत असेल, किंवा मनगट दुखत असल्याने जड तवा उचलवत नसेल, तर नॉनस्टिकच घ्या. लाकडी उलथनं वापरा आणि आच मध्यम ठेवा.