वॉटर जॅकेट मागवण्यापूर्वी: हवा तापली, मग उष्णता किती गेली?

कॉम्प्रेसरच्या सिलिंडरसाठी जॅकेट मागवणारे बरेच ग्राहक उष्णतेचा आकडा स्वतःच काढून पाठवतात. तयारी चांगली, पण दर वेळी चूक तीच असते. हवेचे तापमान किती वाढले ते पाहायचे, mcᵥΔT काढायचे आणि तेवढी उष्णता जॅकेटने काढावी म्हणायचे. ही उष्णता जॅकेटकडे जातच नाही. ती हवेत आंतरिक ऊर्जा म्हणून साठते आणि हवेबरोबर बाहेर पडते.

एक उदाहरण पाहू. 1 किलो हवा, 100 kPa आणि 300 K पासून 700 kPa पर्यंत दाबली; दाबताना pVⁿ स्थिर राहते असे धरू, n = 1.3. दाब निरपेक्ष घ्यायचा. गेजवर तो साधारण 6 बार दिसेल.

T₂ = T₁(p₂/p₁)^((n−1)/n) यावरून T₂ सुमारे 470 K येते, म्हणजे वाढ 170 अंशांची. हवेवर झालेले कार्य mR(T₂−T₁)/(n−1), म्हणजे 0.287 × 170 ÷ 0.3, साधारण 163 kJ. आंतरिक ऊर्जेतली वाढ 0.718 × 170, म्हणजे 122 kJ. उरलेले 41 kJ भिंतीतून बाहेर गेले. जॅकेटच्या वाट्याला एवढेच. पडताळा हवा असेल तर कार्याला (γ−n)/(γ−1) ने गुणा, हवेसाठी γ = 1.4: 0.1/0.4, म्हणजे कार्याचा बरोबर चौथा हिस्सा.

122 धरून जॅकेट बनवले तर ते तिप्पट मोठे होते आणि हवा तरीही गरमच बाहेर पडते. ती पुन्हा 300 K वर आणायला आफ्टरकूलरला किलोमागे 171 kJ काढावे लागतात. तिथे cₚ लागतो, कारण हवा वाहती असते.

हवा तापत असताना उष्णता बाहेर कशी जाईल, हा प्रश्न फोनवर हमखास येतो. n हा 1 आणि 1.4 च्या मध्ये असला की असेच होते: कार्याने ऊर्जा जितकी आत येते, तितकी भिंत बाहेर नेऊ शकत नाही. n = 1.4 असेल तर उष्णता शून्य. n = 1 असेल तर वरचे सूत्र चालत नाही, तिथे mRT ln(p₂/p₁) वापरा; कार्य आणि उष्णता सारखीच येतात.

हे 163 kJ फक्त दाबण्याचे कार्य आहे. मोटर यावरून निवडू नका. आत घेणे आणि बाहेर ढकलणे धरले की आकडा n पट, म्हणजे 211 च्या आसपास जातो. तो 41 आणि 171 च्या बेरजेशी जुळतो, हे तपासून बघाच.

n विचारल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही, याचा काहींना राग येतो. पण 1.3 ऐवजी 1.35 असेल तर उष्णता जवळपास निम्म्यावर येते, मग अंदाजावर पत्रा कापायचा कशाला? इंडिकेटर आकृतीवरचे दाब-आकारमानाचे दोन बिंदू पाठवा; n = ln(p₂/p₁)/ln(V₁/V₂) आम्ही काढून देतो. खऱ्या सिलिंडरमध्ये n क्षणोक्षणी बदलतो, म्हणून बिंदू दाबण्याच्या रेषेच्या दोन टोकांजवळचे घ्या, व्हॉल्व्ह उघडल्यानंतरचे नकोत.